स्लॅबच्या दिवशी "मॅडम, तुम्ही खाली थांबा": साइटवर एकटी इंजिनिअर

मृण्मयी_वाकड

नमस्कार. मी चोवीस वर्षांची, सिव्हिलचा डिप्लोमा झालाय, आणि गेले सात महिने वाकडच्या पुढे एका निवासी इमारतीच्या साइटवर ज्युनिअर इंजिनिअर आहे. आम्ही स्टाफवर अकरा जण, त्यात बाई मी एकटीच. पावती लिहिणं, हजेरी, मोजमाप इथपर्यंत कुणाला माझी अडचण नाही. अडचण स्लॅबच्या दिवशी येते.

मागच्या गुरुवारी तिसऱ्या मजल्याचा स्लॅब होता. ४८ घनमीटर, म्हणजे सहा-सहाच्या आठ गाड्या. एम २५, पंपाने टाकायचं, स्लंप, म्हणजे माल किती वाहता आहे त्याचं माप, १२० मागवलेला. तिसरी गाडी आली तेव्हा पंपाची लाइन हलवायचं काम चालू होतं, त्यामुळे ती उन्हात उभी राहिली. लाइन जोडून झाल्यावर मी स्लंप घेतला तर ७०. मी म्हटलं, प्लांटला फोन करते. तेवढ्यात मुकादमाने ड्रायव्हरला खूण केली आणि त्याने गाडीच्या टाकीचा पाइप ड्रममध्ये सोडला. मी "पाणी बंद करा" असं तीनदा ओरडले. ठेकेदार म्हणाला, "मॅडम, तुम्ही खाली थांबा, ऊन लागेल." सगळे हसले. मी सिनिअरना फोन करेपर्यंत ठेकेदाराचा फोन त्यांना गेलेला होता. ते मला म्हणाले, "जाऊ दे, पहिल्या स्लॅबला वाद नको घालूस."

हा माझा पहिला स्लॅब नव्हता. चौथा होता.

पुढचा स्लॅब वीस-बावीस दिवसांनी आहे. तेव्हा नेमकं काय करू? आवाज चढवून उपयोग होत नाही, माझा आवाज चढला की तो चिरका होतो आणि लोक आणखी हसतात. ज्या बायकांनी साइट केली आहे त्यांनी कृपया सांगा.

दुसरी गोष्ट इथे लिहायला संकोच वाटतो, पण लिहिते. साइटवर स्टाफचं एकच टॉयलेट आहे, त्याला आतून कडी नाही आणि ते दिवसभर वापरात असतं. मी सकाळी आठ ते संध्याकाळी पाच पाणी जवळजवळ पीतच नाही. एप्रिलमध्ये मला लघवीचा संसर्ग झाला होता, आता पुन्हा तीच जळजळ सुरू झाली आहे.

मोहनकाका_निवृत्त

मुली, मी एकतीस वर्षं सरकारी बांधकामात काढली. पहिलं म्हणजे मन शांत ठेव. पाणी घातल्यावर स्लंप घेतलास का? तो १२० च्या आसपास आला असेल तर काँक्रीट ठीक आहे असं समज. २५ इकडेतिकडे चालतं. स्लंप बसला की ताकद बसली. आमच्या वेळी तर मिक्सरवर बादलीने पाणी घालायचे आणि ते पूल आजही उभे आहेत.

आणि एक लक्षात ठेव, साइटवर आलेल्या गाडीत पाणीच काय, काहीही घालायला मनाई असते. तेवढं ठामपणे सांगत जा.

ओळंबा

मृण्मयी, मी सतरा वर्षं साइट केली, त्यातली पहिली नऊ तुझ्यासारखीच एकटीने. उत्तर देण्याआधी मला चार गोष्टी सांग. गाडीच्या चलनावर प्लांटमधून निघाल्याची वेळ काय होती? ती रिकामी किती वाजता झाली? पाइप अंदाजे किती वेळ चालू होता? आणि क्यूब कुठल्या गाड्यांचे भरले?

टॉयलेटबद्दल वेगळं लिहिते, पण डॉक्टरकडे आजच जा. स्लॅब वीस दिवसांनी आहे, ही जळजळ वीस दिवस थांबणार नाही.

मृण्मयी_वाकड

ताई, डॉक्टरकडे जाऊन आले. लघवी तपासायला दिली आहे, गोळ्या चालू केल्या आहेत.

चलनाचा फोटो माझ्याकडे आहे. प्लांटमधून ११.१० ला निघाली, १२.०५ ला गेटवर आली. पंपाला लागली तेव्हा एक वाजला होता आणि रिकामी व्हायला १.२५ झाले. पाइप अडीच मिनिटं तरी चालू असेल. काका, पाणी घातल्यावर मी पुन्हा स्लंप घेतला होता, तो १४० आला. क्यूब पहिल्या, दुसऱ्या, पाचव्या आणि आठव्या गाडीचे भरले. तिसऱ्या गाडीचे नाहीत.

मोहनकाका_निवृत्त

१४० म्हणजे मर्यादेतच आहे. तेच मी म्हणत होतो.

अनिरुद्ध_तळेगाव

चांगला विषय काढलात. माझ्या बंगल्याचा स्लॅब मागच्या महिन्यात झाला, त्यातही गवंड्याने माझ्यासमोर मिक्सरमध्ये जास्तीचं पाणी घातलं. आता स्लॅबला खालून ओल दिसते आहे. वॉटरप्रूफिंग कोणतं करावं? कुणाला खात्रीचा माणूस माहीत आहे का?

ओळंबा

अनिरुद्ध, तुमचा प्रश्न वेगळा आहे, त्याला वेगळा धागा काढा. तोवर एवढंच करा. ओल कुठे दिसते ते खडूने आखून ठेवा आणि क्युरिंगचं पाणी थांबल्यावर आठवड्याने पुन्हा बघा. डाग वाळला तर ते क्युरिंगचंच पाणी होतं. न वाळला तर बोला.

मृण्मयी, आता तुझं. काकांचं अर्धं बरोबर आहे. १४० मर्यादेत बसतो. पण काँक्रीट किती वाहतं एवढंच स्लंप सांगतो, ते कशामुळे वाहतं हे सांगत नाही. प्लांटमधून १४० आलेली गाडी आणि ७० ची पाणी घालून १४० केलेली गाडी शंकूखाली सारखीच दिसते. हिशेब असा. अशा पाइपमधून मिनिटाला तीसेक लिटर पाणी पडतं असं धरलं तर अडीच मिनिटांत ७५-८० लिटर झालं. सहा घनमीटरमध्ये ते वाटलं की दर घनमीटरला तेरा लिटर. एम २५ मध्ये समज ३४० किलो सिमेंट आणि १६० लिटर पाणी आहे, म्हणजे गुणोत्तर ०.४७. तेरा लिटर वाढले की ते ०.५१ होतं. मध्यम वातावरणासाठी आयएस ४५६ मध्ये कमाल ०.५० दिलं आहे. तू ती रेघ ओलांडताना बघत होतीस आणि ओरडत होतीस, ते योग्यच होतं.

पण तेवढीच भीती बाळगूही नकोस. एम २५ चं मिश्रण बनवतानाच ३१-३२ ताकद धरून बनवतात. त्यातून ढोबळमानाने दोन-तीन कमी झाले असतील. स्लॅब पडणार नाही. तिसऱ्या गाडीचा माल कुठल्या खांबांच्या दरम्यान गेला ते आठवत असेल तर आजच नकाशावर रंगवून ठेव. त्या भागाचा गाळा साडेचार मीटरच्या आतला असेल तर टेकू सात दिवसांनी काढायची मुभा असते. तू तिथले टेकू चौदा दिवस ठेवायला सांग. त्याला खर्च नाही, कुणी फारसं भांडणार नाही. अठ्ठावीस दिवसांनी खालच्या बाजूने रिबाउंड हॅमर मारून शेजारच्या गाळ्याशी तुलना कर. त्या हॅमरच्या आकड्याला ताकद म्हणू नकोस, त्यात पंचवीस टक्के इकडेतिकडे होऊ शकतं. शेजारपेक्षा खूप कमी येतंय का, एवढंच बघायचं.

आता खरी गोष्ट. तू पाण्यावरून भांडलीस. पाण्यावर वाद होतो, कारण किती घातलं हे कुणी मोजलेलं नसतं आणि मुकादम वीस वर्षं तेच करत आलेला असतो. तुझ्या हातात त्याहून पक्की गोष्ट होती. ११.१० ला निघालेली गाडी १.१० पर्यंत रिकामी व्हायला हवी होती. आयएस ४९२६ प्रमाणे दोन तास. ती १.२५ ला रिकामी झाली. हे चलनावर प्लांटच्या शिक्क्यासह लिहिलेलं आहे, त्यात तुझं मत कुठेच नाही. ती पंपाला लागली तेव्हाच एक तास पन्नास मिनिटं झाली होती. तिथे "पाणी घालू नका" म्हणायच्या ऐवजी "दहा मिनिटांत रिकामी होईल का?" एवढंच विचारायचं. उत्तर सगळ्यांना माहीत असतं.

मोहनकाका_निवृत्त

दोन तासांचं मान्य. पण प्लांटने सेटिंग लांबवणारं रसायन घालून जास्त वेळ लेखी दिला असेल तर ती वेळ धरतात, हेही तिला सांगा. नाहीतर ठेकेदार ते पत्र काढून दाखवेल आणि पोरगी तोंडघशी पडेल.

ओळंबा

बरोबर काका, ते राहिलं. मृण्मयी, ऑर्डरच्या कागदावर काय लिहिलंय ते आधी वाच.

मात्र "साइटवर काहीच घालायचं नाही" हे पूर्ण खरं नाही. पाणी नाही. पण प्लांटचा क्वालिटीवाला मुलगा साइटवर असेल तर तो त्याच्याकडचं प्लास्टिसायझर मोजून घालू शकतो. त्यानंतर ड्रम जोरात निदान पाच मिनिटं फिरवायचा आणि स्लंप पुन्हा घ्यायचा. म्हणून पुढच्या स्लॅबला "तुमचा माणूस शेवटच्या गाडीपर्यंत इथे हवा" हे ऑर्डर देतानाच सांग. लोक पाणी घालतात कारण त्यांच्यासमोर दुसरा उपाय नसतो. उपाय समोर उभा असला की वाद निम्म्यावर येतो.

पंपवाला_शिरूर

मी बूम पंप चालवतो, बारा वर्षं झाली. ताई, तुमचं सगळं बरोबर हाय पण आमची बाजू पण ऐका. ७० स्लंपचा माल लाइनीत घातला की लाइन चोक होती. उन्हाच्या टायमाला चोक झाली तर पाइप खोलून, ठोकून, धुऊन परत जोडायला तास जातो. तवर मागं तीन गाड्या उभ्या. मग शिव्या कोण खातो? ऑपरेटर. म्हणून मीच सांगतो पाणी मार म्हणून. मॅडमवर राग म्हणून न्हाई.

आणि मॅडम बाई हाय म्हणून हसले असं मला वाटत न्हाई. नव्या पोराला पण असंच हसत्यात. माझ्या साइटवर एका इंजिनिअर पोराला तर पार रडवला.

एक सांगतो, सुरुवातीला लाइन आतून गुळगुळीत करायला सिमेंटची रबडी सोडतात ना, ती स्लॅबमध्ये पडू देऊ नका. बाहेर काढून टाका. बरेच इंजिनिअर ते बघतच न्हाईत.

मृण्मयी_वाकड

दादा, रबडीचं मला खरंच माहीत नव्हतं. आमच्याकडे ती स्लॅबच्या कोपऱ्यातच सोडतात. धन्यवाद.

पण हसण्याचं तेवढं पटलं नाही. आमच्याबरोबर लागलेल्या मुलालाही हसतात, हे खरं. फरक असा की सात महिन्यांत त्याला हसणं थांबलं. तो आता मुकादमाबरोबर टपरीवर चहा पितो आणि तिथेच त्याला कळतं की उद्या सळई कमी आली आहे, पंप दुसऱ्या साइटवरून येणार आहे. मला ते स्लॅबच्या सकाळी कळतं. मी टपरीवर जाऊन उभी राहिले तर दुसऱ्या दिवशी त्याचीच चर्चा होते.

ओळंबा

ही तू फार नेमकी गोष्ट पकडलीस. एकटीची खरी अडचण हसण्यापेक्षा ही जास्त असते. साइटची निम्मी माहिती कागदावर नसते, चहावर असते. मी त्यासाठी एक केलं होतं. स्लॅबच्या आदल्या दिवशी चार वाजता मी पोअर कार्ड घेऊन वर जायचे. त्यावर सेंटरिंग, सळई, कव्हर, इलेक्ट्रिकचे पाइप, प्रत्येकाच्या सहीची जागा. सही घ्यायला माणूस स्वतः वर यायला लागतो. तिथे, जाळीवर उभं राहून, मी प्रत्येकाला एकच विचारायचे, "उद्या तुला काय कमी पडणार आहे?" चहावर जे सांगतात ते सगळं तिथे निघायचं. महिन्याभरात लोक चार वाजता आपणहून यायला लागले.

त्याच कार्डाच्या खाली दोन ओळी टाक. एक: पाणी घातलेली किंवा वेळ उलटलेली गाडी परत जाईल. दोन: तो निर्णय साइटवर हजर असलेला इंजिनिअर घेईल. आणि त्यावर तुझ्या सिनिअरची सही आदल्या दिवशी घे. गाडी उभी असताना फोनवर त्यांचा पाठिंबा मागू नकोस. गाडी उभी असताना त्यांना वाद नको असतो. आदल्या दिवशी सही करताना तेही इंजिनिअर असतात.

एक सावधगिरी. गाडी परत म्हणजे तीसेक हजारांचा माल परत, म्हणून ठेकेदार कळवळतो, आणि ती साइटमुळे थांबली असेल तर पैसे प्लांट सोसणार नाही. शिवाय गाडी परत केली की मध्ये खंड पडतो. म्हणून "परत" म्हणण्याआधी पुढची गाडी कुठे आहे ते विचार आणि आधी टाकलेल्या काँक्रीटची कड किती ताजी आहे ते बघ. कड घट्ट झाली आणि नवा माल आला नाही तर सांधा पडतो, आणि तो पाणी घातलेल्या मालाइतकाच वाईट.

तारेवरची_बार्शी

मी बांधकामातली न्हवं, वीज कंपनीत लाइनवर हाय, आठ वर्षं. आयटीआय वायरमन केला. आमच्या सेक्शनला सोळा माणसं, बाई मी.

मृण्मयी, ताईंचं ते सहीचं लई खरं हाय. आमच्यात लाइनवर चढायच्या आधी परमिट घेतात. सबस्टेशनला ज्याच्या नावानं परमिट, तो सांगेल तवाच लाइन चालू करायची. पहिल्या वर्षी मला फक्त बिलं वाटायला अन् कनेक्शन तोडायला पाठवायचे. मग मी हट्ट धरला का परमिट माझ्या नावानं घ्या. ज्या दिवशी माझ्या नावानं निघालं त्या दिवशीपासून वर चढलेला माणूस खाली बघून मला इचारतो, "ताई, डिस्चार्ज रॉड टाकला का?" त्याचा जीव माझ्या सहीवर असतो. मग कोण हसतंय?

पण बूट-पट्ट्याचं बोला जरा. मला पहिल्यांदा दिलेला सेफ्टी बेल्ट शेवटच्या भोकापर्यंत ओढला तरी ढिला. मी तसाच घालून चढले अन् खांबावर मागं रेलले तर बेल्ट बरगडीपर्यंत वर सरकला. त्या दिवशी खाली आले ते बेल्ट साहेबाच्या टेबलावर ठेवला अन् म्हटलं हा तुम्ही घालून दाखवा. तुझ्या बुटाचं काय?

मृण्मयी_वाकड

स्टोअरमध्ये सर्वात लहान सहा नंबर आहे, मला चार लागतो. दोन मोजे घालते.

ओळंबा

दोन मोजे नकोत. सैल बुटाचं टोक सळयांच्या जाळीत अडकतं, आणि कडेला असलीस तर पुढे तोल जातो. स्टोअरला लेखी मागणी दे, "चार नंबर, एक जोड". हे बूट मिळतात, फक्त कुणी मागवत नाही.

विवेक_कोथरूड

इतका त्रास सोसून साइट कशाला? डिझाइनला जा. एसीत बसून काम, टॉयलेटही स्वच्छ. माझ्या भाचीने तेच केलं, आता खूश आहे.

तारेवरची_बार्शी

इचारलंय काय अन् सांगताय काय. तिला स्लॅब टाकायचाय.

घमेलं

सगळं वाचलं. मृण्मयी, तुला वाईट वाटावं म्हणून लिहीत नाही, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. तू लिहिलंस "बाई मी एकटीच". तुझ्या साइटवर खडी, वाळू, विटा कोण वाहतं? क्युरिंगचं पाणी कोण मारतं?

माझी आई जालन्याहून पुण्याला आली आणि एकोणीस वर्षं घमेलं वाहिलं. माझं लहानपण साइटवरच्या पत्र्याच्या खोल्यांत गेलं. आई पहाटे अंधारात एकदा आणि रात्री अंधारात एकदा अशी बाहेर जायची. मध्ये दिवसभर काहीच नाही. तिलाही तुझ्यासारखीच जळजळ व्हायची, ती त्याला "ऊन लागलं" म्हणायची. एकोणीस वर्षांत तिच्या हातात कुणी थापी दिली नाही. बाबा तिच्याबरोबरच बिगारी म्हणून लागले होते, ते चार वर्षांत गवंडी झाले आणि त्यांचा रोज आईच्या जवळजवळ दुप्पट झाला. प्लास्टर आईला बाबांपेक्षा चांगलं यायचं. रविवारी आमच्या खोलीची भिंत तीच करायची.

मजुरांसाठी संडास-मुतारी करून देणं ही मालकाची जबाबदारी आहे, हे १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात लिहिलं होतं. तू एकटीच्या कडीसाठी मागशील तर तो मॅडमचा नखरा होईल. साइटवरच्या सगळ्या बायकांसाठी माग. तुमच्याकडे किती जणी आहेत?

मृण्मयी_वाकड

चौदा. आज मोजल्या.

मी रोज त्यांच्या हजेरीवर सही करते आणि वर लिहिलं की मी एकटी आहे. काय लिहू, कळत नाही. आज दुपारी त्यांच्याजवळ जाऊन बसले. त्या कुठे जातात विचारलं. मागच्या प्लॉटच्या भिंतीपलीकडे, दोघी-दोघी, एक पहाऱ्याला. त्यांतली एक सहा महिन्यांची गरोदर आहे.

घमेलं

तिची कामगार मंडळात नोंदणी आहे का विचार. वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि तो देणाऱ्यांत तुझा ठेकेदारच येतो. हजेरी तुझ्या हातात आहे, म्हणजे दिवस तुला मोजता येतील. नोंदणी असली तर बाळंतपणाची मदत मिळते. बहुतेक बायकांची नोंदणी नसते कारण हजेरी नवऱ्याच्या नावाखाली जोडीने लावतात. तुमच्याकडे कशी लावतात?

मृण्मयी_वाकड

जोडीने.

मोहनकाका_निवृत्त

या जोडीच्या हजेरीवर मीही एकतीस वर्षं सह्या केल्या. कधी मनात आलं नाही. मृण्मयी, उद्यापासून वेगळी लाव. नमुन्यात रकाना नसेल तर हाताने आख.

मृण्मयी_वाकड

चार आठवड्यांनी लिहिते आहे. चौथ्या मजल्याचा स्लॅब झाला.

पोअर कार्डावर त्या दोन ओळी टाकल्या. सिनिअरनी वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि सही केली. काका, ऑर्डरमध्ये जास्त वेळेचं काही लिहिलेलं नव्हतं, दोन तासच. चार वाजता वर फक्त सेंटरिंगवाला आणि इलेक्ट्रिशियन आले, मुकादम आला नाही. पण इलेक्ट्रिशियनकडूनच कळलं की पंप सकाळी दुसरी साइट करून येणार आहे. लगेच प्लांटला फोन करून पहिली गाडी दीड तास पुढे ढकलली. हे आधी मला कधीच कळलं नसतं.

रबडी पिंपात काढली. पाचवी गाडी ८५ ची आली. प्लांटचा मुलगा हजर होता, त्याने मोजून रसायन घातलं, ड्रम पाच मिनिटं फिरवला, स्लंप १२५. मुकादम बाजूला उभा राहून बघत होता. काही बोलला नाही.

सातवी गाडी रस्त्यात अडकली होती. पंपाला लागली तेव्हा दोन तास दहा मिनिटं. मी चलन ठेकेदारापुढे धरलं आणि वेळ वाचली. तो ओरडायला लागला, सिनिअरना फोन लावला. पलीकडून काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही, पण ठेकेदाराने फोन ठेवला आणि ड्रायव्हरला हाताने "जा" म्हणाला. ताई, पुढची गाडी कुठे आहे ते मी आधी विचारलं होतं. वीस मिनिटं म्हणाले होते, यायला चाळीस लागली. ती चाळीस मिनिटं मी त्या कडेपाशीच बसून होते. ओली गोणपाटं टाकली, दर थोड्या वेळाने कड चेपून बघितली. आठवी आल्यावर आधी त्या कडेलाच माल सोडला आणि व्हायब्रेटर जुन्या मालात उतरवून चालवला. तो जुन्या मालात स्वतःच्या वजनाने उतरत होता, म्हणून मी पुढे जाऊ दिलं. तरी आता रोज जाऊन त्या रेषेकडे बघते. तिथे पाणी साठवून ठेवलं आहे, खालून ओल अजून तरी आलेली नाही. परत गेलेल्या मालाऐवजी शेवटी एक गाडी जादा मागवावी लागली. परतीच्या गाडीचे पैसे कुणी द्यायचे यावर प्लांट आणि ठेकेदार यांच्यात अजून चालू आहे, आणि सिनिअर माझ्याशी कामापुरतंच बोलतात.

यावेळी सहा गाड्यांचे क्यूब भरले. सात दिवसांचे आले, सगळे १७ ते १९ च्या दरम्यान. तिसऱ्या मजल्याच्या त्या गाळ्याचे टेकू चौदा दिवस ठेवले. हॅमर मारून झाला, शेजारपेक्षा थोडा कमी आला. थोडा म्हणजे किती चालतो ते मला ठरवता येत नाही. ताई, आकडे तुम्हाला पाठवते.

चार नंबरचे बूट आले.

टॉयलेटसाठी मी पंधरा जणींच्या नावाने अर्ज दिला. दोन फिरती टॉयलेट आली, एकाला आतून कडी आणि पाण्याची टाकी. पहिले तीन दिवस सगळ्या वापरत होत्या. चौथ्या दिवशी त्याला कुलूप दिसलं, किल्ली ऑफिसात. वॉचमन म्हणाला, "ते मॅडमचं आहे." किल्ली मी मागून घेतली आणि सुमन मावशींकडे दिली, त्या पाणी मारणाऱ्या बायकांत सर्वात जुन्या. काल संध्याकाळी पुन्हा दुसरं कुलूप लावलेलं होतं. आज सकाळी कटर घेऊन जाते आहे.

हजेरी वेगळी लावायला सुरुवात केली. त्या गरोदर ताईचे माझ्या हिशेबाने एकशे बारा दिवस भरतात. दाखल्यावर ठेकेदाराची सही अजून झालेली नाही.

घमेलं

ठेकेदार सही देत नसेल तर नगरपालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या दाखल्यावरही काम होतं, आमच्या आईचं तसंच झालं. साइट कुठल्या हद्दीत येते ते मला कळव, मी शनिवारी तुझ्याबरोबर येते.